अक्कांचा मेसेज माझ्याकडे आला

ताई, सप्रेम नमस्कार.

मी सिंहगड रोडला एका जुन्या सोसायटीत राहते. आमच्या खालच्या मजल्यावर एक काका-काकू राहतात, दोघंही साठीच्या पुढचे. काकूंशी माझं छान जमतं, पण ते भाजी, पाणी, माझ्या मुलीची शाळा एवढ्यापुरतंच. गेल्या बुधवारी रात्री, गुरुवारी पाणी येणार नाही यावरून आमचे दोन-तीन मेसेज झाले. नंतर पावणेअकराला त्यांचा पुन्हा मेसेज आला : ‘अक्का, घर विकायचं म्हणताहेत, मला एका शब्दाने विचारलं नाही. आज मी एकटीच बँकेत जाऊन आले तेव्हा कळलं की’. एवढाच. पुढे काही नाही.

मी उघडून वाचला, त्यामुळे निळ्या खुणा गेल्या असणार. यांना दाखवला तर म्हणाले, आपण वाचलाच नाही असं समज, आपल्याला काय करायचंय. मी तीनदा लिहायला घेतलं. ‘काकू, काही मदत हवी असेल तर सांगा’ असं लिहिलं आणि पुसलं. आज चार दिवस झाले. काकू जिन्यात भेटल्या, हसल्या, पण त्यानंतर मेसेज एकही नाही. त्यांना कळलंय की नाही, तेच मला कळत नाही. काकांचे ओटीपी काकूंच्या फोनवर येतात, त्यामुळे तो फोन काकाही हातात घेतात, ही आणखी एक भीती. सकाळी काका तळजाईला फिरायला जातात, तेवढा तासभर काकू घरी एकट्या असतात. आता एवढ्या उशिरा लिहू का? आणि काय लिहू?

— एक वाचक, सिंहगड रोड

*

प्रिय मैत्रिणी,

आधी एक गोष्ट सांगते, म्हणजे तुमच्या जिवाला लागून राहणार नाही. तुमच्या पत्रातला मेसेज मूळ शब्दांत छापलेला नाही. ओळख पटेल असे बाकीचे तपशीलही बदलले आहेत. एकदा चुकीच्या हातात पडलेली गोष्ट या पानावरून पुन्हा चार हातांत जायला नको.

आता तुमचा प्रश्न. लिहा. उशीर झाला आहे, तरीही लिहा.

यजमानांचं म्हणणं मला समजतं. दुसऱ्याच्या घरच्या भानगडीत पडू नये, हे आपल्या हाडीमांशी मुरलेलं आहे आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. मात्र इथे एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली आहे. हा मेसेज कोणाची तरी वाट बघत होता, आणि त्या कोणाला तरी तो मिळालेला नाही. काकूंनी जीव मुठीत धरून अक्कांना काहीतरी सांगितलं, निदान सांगायला सुरुवात केली. अक्कांकडून चार दिवस उत्तर नाही. काकूंना जर कळलंच नसेल की मेसेज तुमच्याकडे आला, तर त्यांच्या मनात आत्ता काय चाललं असेल? ‘मी एवढं सांगितलं आणि अक्काने एक शब्द लिहिला नाही.’ या चुकीत तुमचा काही दोष नाही. पण ती चूक झाल्याचं या घडीला नक्की माहीत असलेल्या तुम्ही एकट्याच आहात. म्हणून गप्प बसणं हे इथे सौजन्य ठरत नाही.

आणि त्यांना कळलं असेल तर? निळ्या खुणा बघितल्या असतील तर? मग चार दिवस त्या जिन्यात तुमच्याकडे बघून हसताहेत आणि तुमच्या हसण्याचा अर्थ लावताहेत. हिने वाचलंय, ही बोलत नाही, म्हणजे हिने कोणाला सांगितलं असेल का? गप्प राहणाऱ्याबद्दल माणूस सहसा चांगलं कल्पीत नाही. म्हणजे दोन्हीकडून उत्तर एकच येतं. त्यांना माहीत आहे की नाही, याचा छडा लावत बसायची तुम्हाला गरजच नाही.

एकाच परिस्थितीत मी तुम्हाला लिहू नका म्हटलं असतं. त्यांनी तो मेसेज `Delete for everyone` करून तुमच्याकडूनही काढून घेतला असता, तर. तेव्हा तुमच्या फोनवर मजकुराच्या जागी मेसेज डिलीट केल्याची ओळ राहते. ती दिसली की समजायचं, त्यांना कळलंय आणि त्यांनी आपली वस्तू परत नेली आहे. मग ‘काकू, काय डिलीट केलंत?’ असं विचारणं म्हणजे बंद केलेलं दार पुन्हा वाजवणं. पण तुमच्याकडे मजकूर अजून आहे, आणि हा मार्ग आता काकूंसाठी बंद झाला आहे. व्हॉट्सॲपवर सगळ्यांकडून डिलीट करायला दोन दिवसांहून थोडाच जास्त वेळ मिळतो. आणखीही एक शक्यता आहे. घाबरलेली माणसं अशा वेळी हमखास `Delete for me` दाबतात. ते दाबल्यावर काही सेकंद `Undo` दिसतं. ते निसटलं की मेसेज आपल्या फोनवरून जातो आणि समोरच्याच्या फोनवर तसाच राहतो. काकूंचं तसं झालं असेल, तर त्यांच्या लेखी तो प्रकार संपलेला असेल, आणि तुमच्याकडे तो शब्दन्‌शब्द असेल. म्हणून आता तो पुसणं तुमच्या हातात आहे.

काय लिहायचं त्याआधी काय लिहायचं नाही ते बघू. कारण तुमचा तिसरा खर्डा, तो मदतीचा, मनापासूनचा होता आणि तरी तुम्ही तो पुसलात हे उत्तम केलंत.

मराठीत क्रियापद शेवटी येतं. त्यामुळे आपलं अर्धवट तुटलेलं वाक्य फार फसवं असतं. कोण, कुठे, कधी, कोणाबरोबर हे सगळं कळलेलं असतं, फक्त काय झालं ते कळलेलं नसतं. आणि ‘की’वर तुटलेलं वाक्य तर त्याहून अवघड. त्या ‘की’च्या पुढे कर्ज असू शकतं, मोडलेली ठेव असू शकते, खात्यावर भलतंच नाव असू शकतं. किंवा ‘कळलं की सगळं ठीक आहे, उगीच घाबरले होते’ असंही असू शकतं. तुम्ही ‘मदत हवी का’ असं विचारलंत की तुम्ही ते वाक्य मनात पूर्ण केलंत आणि वाईटच पूर्ण केलंत, हे काकूंना त्याच क्षणी कळणार.

हे मी पुस्तकी सांगत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी, अजून साधे एसएमएस चालायचे तेव्हा, माझ्याबरोबर काम करणाऱ्या एकीचा मला संदेश आला : ‘दादा, आईचं आज सकाळी’. तो तिच्या भावाला जायचा होता हे उघड होतं. तिची आई महिनाभर आजारी होती. मी ते वाक्य स्वतःच पूर्ण केलं आणि सांत्वनाचा लांबलचक संदेश पाठवला. तिच्या आईचं त्या सकाळी ऑपरेशन ठरलं होतं, एवढंच तिला भावाला कळवायचं होतं. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बाकावर बसून तिने माझं ते सांत्वन वाचलं. आई बरी झाली, तिने मला माफही केलं. पण त्या बाकावर तिला काय वाटलं असेल ते आठवलं की आजही मला कसंतरी होतं. तेव्हापासून दुसऱ्याचं अर्धं वाक्य मी अर्धंच ठेवते.

त्यामुळे ‘काळजी घ्या’ नको, ‘धीर धरा’ नको, ‘सगळं ठीक होईल’ तर अजिबात नको. ‘घर विकायला तुमची सही लागेल ना काकू?’ असंही नको. घर दोघांच्या नावावर असेल तर सही लागतेच, आणि हे तुम्हाला माहीत असलं तरी नको. सल्ला मागायला त्या अक्कांकडे निघाल्या होत्या. वाटेत तुमचं घर लागलं, एवढाच तुमचा या गोष्टीशी संबंध. जोडलेल्या हातांचा इमोजीही नको. आपल्याकडे तो आभारालाही चालतो, श्रद्धांजलीलाही चालतो आणि माफी मागायलाही चालतो. काकू त्यातला कोणता अर्थ घेतील ते सांगता येत नाही.

मग उत्तरात काय असावं? काकूंना कळायला हव्यात अशा गोष्टी मोजक्याच आहेत. मेसेज तुमच्याकडे आला आणि तुम्ही तो वाचलात. तो अर्धाच आला. ज्यांच्यासाठी होता त्यांना तो मिळालेला नाही. तुमच्याकडून तो पुसला गेला आहे आणि पुढे जाणार नाही. याहून जास्त एक शब्द नको.

यातला ‘अर्धाच आला’ हा भाग बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोलाचा आहे. लिहिणाऱ्याच्या डोक्यात वाक्य पूर्ण झालेलं असतं. चार दिवसांनी काकूंना आठवणार नाही की त्यांचं बोट कुठे थांबलं होतं. त्यांना वाटेल, मी सगळंच लिहून बसले. शेवटचं वाक्य पुरं झालेलं नाही, एवढं तुम्ही सांगितलंत की त्यांना कळेल, जे खरं झाकून ठेवायचं होतं ते अजून त्यांच्याजवळच आहे. हा दिलासा तुमच्याशिवाय दुसरं कोणी देऊ शकत नाही. तो देताना मजकुरातला एकही शब्द मात्र वापरायचा नाही. घर नाही, बँक नाही, अक्का नाही. त्यांच्या मेसेजवर बोट सरकवून ‘रिप्लाय’ही करू नका, कारण तसं केलं की त्यांचेच शब्द तुमच्या उत्तराच्या डोक्यावर पुन्हा छापले जातात.

आता शब्दांबद्दल, कारण तीन ओळींच्या पत्रात एकेका शब्दाला वजन असतं. ‘तुम्ही चुकून माझ्याकडे पाठवलात’ आणि ‘चुकून माझ्याकडे आला’ यांत फार फरक आहे. पहिल्यात चूक करणारं माणूस उभं आहे, दुसऱ्यात नाही. आपली भाषा ही सोय देते, ती घ्यावी. ‘चुकीचा मेसेज’ तर मुळीच लिहू नका, मेसेजमध्ये चुकीचं काही नव्हतं. वाचल्याबद्दल मात्र आडपडदा नको. ‘नीट पाहिला नाही’, ‘घाईत होते, लक्षात आलं नाही’ अशी वाक्यं दयाळू वाटतात, पण निळ्या खुणा त्यांच्या फोनवर आहेत, आणि तुमचं बाकीचं बोलणंही मग त्याच रंगाचं वाटू लागतं. ‘आला तेव्हा वाचला’ असं सरळ लिहा.

‘माझ्यापाशीच राहील’ असं लिहायचा मोह होईल, आणि एरवी मीही तेच सुचवलं असतं. पण तुम्ही तो यजमानांना दाखवला आहे. म्हणून ते वाक्य तुम्हाला लिहिता येणार नाही. ‘आमच्याकडून कुठे जाणार नाही’ असं लिहा. ते खरं आहे. आणि ते खरं राहावं म्हणून आजच यजमानांशी बोला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये काकांशी बोलताना, फ्लॅटच्या भावांचा विषय निघाला की त्यांच्या तोंडून सहज काही निसटू शकतं. वाईट हेतूने नाही, पण निसटतं. ‘तुमच्या कानावर आलंय ते तुमच्या कानातच राहू द्या’ एवढं त्यांना स्पष्ट सांगा.

उशिराचं काय करायचं? एक वाक्य पुरे, आणि कारण नको. ‘मुलीची परीक्षा होती, मग पाहुणे आले’ असं सुरू केलंत की ते पत्र तुमच्याबद्दल होतं. ‘लगेच कळवायला हवं होतं, राहून गेलं’ एवढं लिहा आणि पुढे जा.

हे तोंडी सांगावं की लिहून, असा प्रश्न तुमच्या मनात येऊन गेला असणार, कारण त्या एका जिन्यावर आहेत. मी लिहायच्या बाजूची आहे. समोर उभं राहून सांगितलंत तर काकूंना त्याच क्षणी चेहरा सावरावा लागेल. काहीतरी बोलावं लागेल आणि ते पटेल असं बोलावं लागेल. दारात उभ्या असल्या तर आत कोणी आहे का, हेही बघावं लागेल. लिहिलेलं वाचताना मात्र त्या एकट्या असतात. कसं घ्यायचं ते त्या सावकाश ठरवू शकतात.

पण तुमची फोनबद्दलची भीती खोटी नाही, उलट ती तुम्हाला वाटते त्याहून थोडी मोठीच आहे. तुम्ही उत्तर पाठवलंत की काकूंच्या फोनवर तुमचं नाव यादीत सगळ्यात वर येईल. तुमचं उत्तर बघायला जो कोणी तिथे बोट लावेल, त्याला उत्तराच्या वरच, काकूंनी पुसला नसेल तर, तो मूळ मेसेजही दिसेल. म्हणजे तुमचे शब्द कितीही जपून निवडले, तरी वेळ चुकली तर उपयोग नाही. रात्री काका शेजारी बसून बातम्या बघत असताना तो फोन वाजायला नको. म्हणून तळजाईची वेळ साधा. काका खाली उतरलेले दिसले की दहा मिनिटं जाऊ द्या, विसरलेली टोपी घ्यायला परत येणारी माणसं असतात, आणि मग पाठवा. फोन लॉक असताना पडद्यावर मेसेजची पहिली एक-दोन ओळ दिसते, म्हणून सुरुवात अशी ठेवा की ती कोणीही वाचली तरी काही वाटू नये.

सगळं मिळून हे असं होतं :

‘काकू, सवडीने बघा. बुधवारी रात्री आपलं पाण्याचं बोलणं झालं, त्यानंतर एक मेसेज चुकून माझ्याकडे आला. आला तेव्हा वाचला. तो अर्धाच होता, शेवटचं वाक्य पुरं झालेलं नाही. ज्यांच्यासाठी होता त्यांना मिळालेला नसणार, म्हणून कळवते. लगेच कळवायला हवं होतं, राहून गेलं. माझ्या फोनवरून काढून टाकलाय, आमच्याकडून कुठे जाणार नाही.’

हे पाठवायच्या आधी मेसेज खरोखर पुसा, कारण ‘काढून टाकलाय’ असं तुम्ही लिहिणार आहात. तुमच्या फोनवर त्याच्यावर बोट दाबून धरलंत की डिलीट करता येतो. यजमानांना दाखवायला स्क्रीनशॉट काढला असेल तर फोटोंमधून तोही काढा, आणि तिथल्या डिलीट झालेल्या फोटोंच्या कप्प्यातूनही. पुष्कळ फोनवर तो महिनाभर तिथे पडून असतो. यजमानांच्या फोनवर पाठवला असेल तर तिथूनही काढा.

‘तुमच्याकडचाही पुसून टाका काकू’ असं शेवटी जोडावं का, यावर मी बराच विचार केला. काकांची भीती खरी आहे, त्यामुळे हात शिवशिवतो. तरी नको. ती ओळ लिहिलीत की तुम्ही त्यांना सांगितलंत, हे तुमच्या नवऱ्यापासून लपवायचं आहे हे मला समजलंय. तेवढं समजल्याचं काकूंना आपल्याकडून ऐकावं लागू नये. सकाळी एकट्या असताना, मेसेज समोर आल्यावर, काय करायचं ते त्यांना सुचेल.

मग फोन बाजूला ठेवा. त्या काय म्हणतील ते सांगता येत नाही, पण अशा वेळी माणसं साधारण काय करतात ते मी पाहिलं आहे. त्या ‘कसला गं मेसेज?’ म्हणाल्या, तर त्यांना ही गोष्ट झालीच नाही असं ठेवायचं आहे. ‘काही नाही काकू, काढून टाकलाय’ म्हणा आणि थांबा. त्या ‘अगं, तसं काही नाहीये, मी उगीच रागात लिहिलं’ म्हणाल्या, तर ‘बरं काकू’ म्हणा. पटलं नाही तरी तेवढंच म्हणा. काहीच बोलल्या नाहीत, तर तेही उत्तरच आहे. आणि कदाचित दोन महिन्यांनी, गच्चीवर पापड वाळत घालताना, त्या आपण होऊन सगळं सांगतील. तेव्हा ऐका. तेव्हाही ‘हो, त्या दिवशी बँकेचं वाचलं होतं मी’ असं म्हणू नका, त्यांना पहिल्यापासून सांगू द्या. मदतीचं तेव्हा विचारता येईल.

पहिल्यांदा जिन्यात भेटाल तेव्हा तुम्ही बोलणं काढा. नेहमीचंच काढा, टाकी किती वाजता भरणार, कोथिंबिरीची जुडी केवढ्याला मिळाली. जास्त गोड बोलू नका, हातातली पिशवी ओढून घेऊ नका, त्या दिवशी डब्यात काही घालून खाली पाठवू नका. तुम्ही एरवी जशा आहात तशाच दिसलात की काकूंना कळेल की त्यांचं काही उणं झालेलं नाही.

एक मर्यादा मात्र सांगायला हवी, कारण हे सदर बाकीचेही वाचतात आणि सगळ्यांना आलेले मेसेज असे नसतात. तुटलेल्या वाक्यात मारहाण असेल, ‘आता सहन होत नाही, मी आज’ असं काही असेल, कोणाच्या जिवाला धोका दिसत असेल, तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवायचं. तिथे वेळ बघायची नाही, शब्द निवडायचे नाहीत. लगेच फोन करायचा, शेजारी असेल तर दार वाजवायचं. मेसेज कोणासाठी होता हा प्रश्न तेव्हा उरत नाही. धोका समोर असेल तर ११२ लावायचा. मनाने खचलेल्या माणसाशी बोलण्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. अशा वेळी वाक्य चुकीचं पूर्ण केल्याबद्दल नंतर माफी मागता येते. तुमच्या काकूंच्या मेसेजमध्ये मला तसं काही दिसत नाही. दुखावलेलं, एकटं पडलेलं माणूस दिसतं. म्हणूनच त्यांचा मेसेज अक्कांपर्यंत पोचावा असं मला फार वाटतं.

आणि एक छोटी गोष्ट, पुढे कधी उपयोगी पडेल म्हणून. हे घडलं कसं, याचा मला थोडा अंदाज आहे. पाण्याचं बोलणं झाल्यामुळे तुमचं नाव त्यांच्या यादीत सगळ्यात वर होतं, आणि घाईत, चष्म्याशिवाय, वरच्याच नावावर बोट पडलं असेल. अर्धाच का गेला, तर ॲंड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲपच्या `Settings` मध्ये `Chats` खाली `Enter is send` नावाचं एक बटण असतं. ते चालू असेल तर पुढच्या ओळीवर जायला म्हणून एंटर दाबलं की मेसेज निघूनच जातो. ‘कळलं की’ असं लिहून, पुढचं जरा नीट खालच्या ओळीवर लिहावं म्हणून काकूंनी ते दाबलं असेल. कधी त्या स्वतःच म्हणाल्या, ‘अगं, माझे मेसेज हल्ली मधेच जातात’, तर त्यांचा फोन हातात न घेता, त्यांच्याच बोटाने, ते बटण बंद करायला त्यांना दाखवा.